मदत हवी आहे: रोलिंग मीडियन खोट्या टिकसोबत खरी उडीही अडवतोय

मंडळी, भावाच्या फीडमध्ये २५०.१०, २५०.१५, २०५.१० असा एखादा खोटा टिक येतो आणि ब्रेकडाउनचा सिग्नल सुटतो. म्हणून चालू टिक धरून शेवटच्या ११ टिकचा मीडियन घेतो आणि त्यापासून ५ एमएडीपेक्षा लांबचा टिक टाकतो. भाव थबकला की एमएडी शून्य, मग साधा २५०.१५ सुद्धा बाद! तिथे किमान ३ टिक-साइझची मर्यादा घातली.

आधी बाद टिक विंडोत घेतच नव्हतो (माझाच गाढवपणा), त्यामुळे खऱ्या उडीनंतर मीडियन जुन्या भावाला चिकटून बसला. आता सगळे कच्चे टिक घेतो, पण नवा भाव सहाव्या टिकलाच मान्य होतो. सलग ३ बाद टिक एकमेकांच्या जवळच्या भावाला आले तर नवा भाव आधीच मान्य करावं का? खोटे टिकही कधीकधी जोडीनं येतात. तुम्ही काय करता?