गुजराती शेजाऱ्यांना नववर्षाचा कागद: «देवनागरीची रेघ पुसा, झालं गुजराती»?

मूळ पोस्ट (पाटीपेन्सिल): शेजारच्या गुजराती कुटुंबाला नववर्षाला त्यांच्या लिपीत दोन ओळी लिहून द्यायच्यात? फार डोकं लावू नका. मराठीत «साल मुबारक» लिहा, वरची रेघ गाळा, झालं गुजराती. ते «आभार» म्हणतील, विषय संपला.

टंकलेखक: रेघ गाळून «साल मुबारक» गुजराती होत नाही, आणि नेमकं याच दोन शब्दांत होत नाही. मराठी «क»ला मधोमध उभा दांडा आहे, गुजराती ક ला तो नाहीच. मराठी «ब»च्या पोटातली तिरकी रेघ गुजरातीत नाही, બ चा आकारच निराळा. वाचणारा अंदाजाने समजून घेईल, पण आपण त्यांच्या लिपीत लिहिलं असं त्याला वाटणार नाही. बरोबर असं दिसतं:

```
સાલ મુબારક
```

«मु» ऱ्हस्व. दीर्घ काढलेला बऱ्याच कागदांवर दिसतो, तो चूक.

दुसरं, नुसतं «आभार» हे या दिवसाचं उत्तर नव्हे. शुभेच्छा परत द्यायची असते. बरोबरीचा माणूस तेच शब्द परत म्हणतो, किंवा असं लिहितो:

```
તમને પણ સાલ મુબારક
આપને તથા આપના પરિવારને નૂતન વર્ષાભિનંદન
```

पहिली ओळ रोजच्या ओळखीत, दुसरी जरा अदबीने. वडीलधारं माणूस मात्र बहुतेक आशीर्वादच देतं: સુખી રહો, म्हणजे आपलं «सुखी राहा». त्यावर परत «तमने पण» म्हणायचं नाही, वाकून नमस्कार करायचा. तुम्ही स्वतः लिहितानाही वयाने मोठ्यांना «तमने» किंवा «आपने» लिहा. «तने» हे आपल्या एकेरी «तुला»सारखं आहे, ते चुकून गेलं तर कागद न दिलेला बरा.

पाटीपेन्सिल: एवढा कीस पाडायची गरज नव्हती. मग «नूतन वर्षाभिनंदन» घ्या. न, त, व, ष, भ, द, सगळी अक्षरं रेघेशिवाय जवळजवळ तशीच. माझा नियम लागू पडतो की नाही?

टंकलेखक: या शब्दांपुरता पडतो, मान्य. पण «नू» दीर्घच हवा, रफार «षा»वर हवा आणि अनुस्वार «न»वर. संगणकावर इन्स्क्रिप्टने देवनागरी टंकत असाल तर गुजरातीलाही त्याच कळा, नवीन काही शिकायला नको. रफारासाठी ર, मग हलन्त, मग ષ.

```
નૂતન વર્ષાભિનંદન
```

बोरिवलीकर: मला या सगळ्यापेक्षा वेगळाच राग आहे. लोक दिवाळीच्या दुसऱ्या सकाळीच दार वाजवतात. 2025 साली लक्ष्मीपूजन बऱ्याच घरी 20 ऑक्टोबरला झालं आणि बेसतुं वरस, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, होतं 22 ला, बुधवारी. मधला 21 हा पडतर, म्हणजे रिकामा दिवस; गुजरातीत त्याला «धोको» म्हणतात. त्या दिवशी आमच्या मजल्यावर निम्म्यांनी «साल मुबारक» म्हणून टाकलं. समोरच्या काकी हसून «काले», म्हणजे उद्या, म्हणाल्या.

पाटीपेन्सिल: एका दिवसाने काय बिघडतं?

बोरिवलीकर: तुमचा पाडवा आदल्या दिवशी केलेला चालेल का? दिवस तोच आहे, कार्तिक शुद्ध प्रतिपदा. आपला दिवाळी पाडवा ज्या दिवशी, त्याच दिवशी त्यांचं नवं वर्ष. एवढं लक्षात ठेवलं तरी तारीख चुकत नाही. 2026 मध्ये दिवाळी 8 नोव्हेंबरला, पाडवा 10 ला, मंगळवारी. मधल्या 9 तारखेला कुणाचं दार वाजवू नका.

टंकलेखक: उशीर झाला तर मात्र चालतं. लाभपाचमपर्यंत, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंत, पहिल्या भेटीत «साल मुबारक» म्हणतातच. बरीच दुकानंही लाभपाचमलाच पुन्हा उघडतात. लवकर नको, उशिरा चालेल.

हिशेबनीस: तारखेचं चाललंय म्हणून विक्रम संवताचं सांगतो, कारण खरा घोळ तिथे होतो. कागदावर सुरू होणाऱ्या वर्षाचा आकडा लिहायचा. 2025 च्या पाडव्याला लागलं 2082. पण कागद लोक आठ-दहा दिवस आधी करतात, आणि तेव्हा घरातल्या गुजराती पंचांगावर 2081 असतं. तेच उतरवतात. हिंदी पंचांगावर त्याच दिवसांत 2082 दिसतं, कारण त्यांचा संवत चैत्रात बदलतो. मग दोन घरांत दोन आकडे आणि वाद. साधा हिशेब: पाडव्याच्या दिवशी इंग्रजी सनात 57 मिळवा. 2025 ला 2082, 2026 ला 2083.

पाटीपेन्सिल: म्हणजे हिंदी पंचांग बघितलं असतं तर बरोबर आलं असतं. गुजराती बघून चुकलं. हे मला पटत नाही.

हिशेबनीस: पटो न पटो. गुजराती पंचांग चुकलेलं नाही, तुम्ही जुन्या वर्षात उभे राहून आकडा घेतलात. आणि टंकताना ૨ हा अंक आहे, ર हे अक्षर. दिसायला जवळजवळ सारखे. हाताने लिहिलं तर काही फरक पडत नाही, पण फोनवर अक्षर टाकलं तर आकडा शोधायला गेल्यावर सापडत नाही, आणि काही फाँटांत वेडावाकडा दिसतो.

मुलुंडची मावशी: तुम्ही सगळे «गुजराती शेजारी» म्हणताय, पण आमच्याकडचे शेजारी कच्छी आहेत. त्यांचं नवं वर्ष आषाढी बीजेला. मग दिवाळीत त्यांना काय लिहू?

बोरिवलीकर: प्रश्न वेगळा आहे, मावशी.

मुलुंडची मावशी: वेगळा कसा? शेजारी शेजारीच. आणि तुम्ही काय, एका «काले»वरून अख्ख्या मजल्याला शिकवताय.

टंकलेखक: प्रश्न रास्त आहे. कच्छी घरं मुंबईत दिवाळीतही «साल मुबारक» म्हणतात, त्यामुळे दिलेलं वाया जात नाही. आषाढी बीजेला वेगळं म्हणालात तर जास्त आवडेल. जैन असतील तर वर «જય જિનેન્દ્ર», वैष्णव असतील तर «જય શ્રી કૃષ્ણ». माहीत नसेल तर वरची ओळ रिकामी सोडा, अंदाज करू नका. आणि उत्तरात नुसतं «जय श्री कृष्ण» आलं तर ते अपुरं नाही, तेच परत म्हणायचं.

पूर्ण कागद हवा असेल तर असा, 2026 साठी:

```
સંવત ૨૦૮૩, કારતક સુદ ૧
મુરબ્બી શ્રી ___ભાઈ તથા ___બેન,
સાલ મુબારક.
નવું વર્ષ આપ સૌ માટે સુખદાયી નીવડે.
```

«मुरब्बी» वडीलधाऱ्यांना. बरोबरीच्यांना त्याजागी સ્નેહી. नुसतं नाव कधीच नको, भाई-बेन लावाच.

पाटीपेन्सिल: शेवटच्या ओळीऐवजी «બેસતું વર્ષની શુભેચ્છા» लिहिलं तर? सोपं आहे.

टंकलेखक: «बेसता वर्षनी» हवं. आपण «बसतं वर्षाच्या» म्हणतो का? तसंच तिथेही रूप बदलतं. आणि «शुभेच्छा» स्त्रीलिंगी, म्हणून «नी». मराठी माणूस हमखास «ना» लिहितो.

```
બેસતા વર્ષની શુભેચ્છા
```

पाटीपेन्सिल: बरं. रेघेचं मी पोस्टमध्ये बदलतो. «आभार»चं बदलणार नाही, आमच्या इमारतीत तेच म्हणतात.

बोरिवलीकर: तुमच्या इमारतीत तुम्हीच «हॅपी दिवाली» म्हणत असाल, म्हणून तेही आभार म्हणतात. एकदा «साल मुबारक» म्हणून बघा.

मुलुंडची मावशी: आषाढी बीजेला लिहायची ओळ कुणी देणार आहे का?