फ्रिजचा बोर्ड जळाला. वाढीव वॉरंटी आणि होम पॉलिसी दोन्ही आहेत, क्लेम कुठे टाकू?

ऐरोली_से८: फ्रिज साडेतीन वर्षांचा. दुकानातून घेतलेली वाढीव वॉरंटी चालू आहे, गृहकर्जासोबतची होम पॉलिसीही आहे. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतायत. बोर्डचे ९,५०० सांगितलेत. लवकर सांगा, फ्रीझरमधलं सगळं वितळतंय.

मीरा_घोडबंदर: बोर्ड आपोआप गेला की वीज येताना? जॉबशीटवर काय लिहिलंय?

ऐरोली_से८: वीज जाऊन आली तेव्हा. शेजाऱ्यांचा टीव्हीही गेला. जॉबशीटवर 'हाय व्होल्टेज, पीसीबी बर्न्ट'.

वाशीचे_काका: होम पॉलिसीत शॉर्टसर्किट येतं. ठोका क्लेम!

मीरा_घोडबंदर: काका, शॉर्टसर्किटने लागलेली आग येते. भारत गृह रक्षा पॉलिसीत शॉर्टसर्किट, आर्किंग, स्वतःहून तापणं यांनी जे यंत्र बिघडलं तेवढं वगळलेलं असतं. फ्रिज पेटून शेजारचा ओव्हन जळाला तर ओव्हनचे पैसे मिळतील, त्या फ्रिजच्या बोर्डचे नाही. वॉरंटी याच्या उलट. कॉम्प्रेसर चालता चालता बंद पडला तर ती देते, पण बऱ्याच प्लॅनमध्ये व्होल्टेजचा चढउतार वगळलेला असतो. तुमचं प्रकरण नेमकं या दोन्हींच्या मधल्या फटीत पडलंय.

खारघर_नेहा: माझ्या मोबाइलची स्क्रीन फुटलीय, ती होम पॉलिसीत बसेल का?

मीरा_घोडबंदर: नेहा, साध्या पॉलिसीत नाही. त्यासाठी वेगळा धागा काढ, इथे गोंधळ होईल.

ऐरोली, पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये दोन गोष्टी बघा. घरातल्या वस्तू धरल्यात की फक्त इमारत? कर्जासोबतच्या पॉलिसीत कधीकधी इमारतच असते. आणि 'ब्रेकडाउन' नावाचं जादा कलम घेतलंय का? दोन्ही कवच एकमेकांवर येतात ते तिथेच, पण त्या कलमाचे अपवादही वाचा. त्यातही घसारा कापतात. समजा वर्षाला १० टक्के धरून, चालू चौथं वर्षही पूर्ण मोजून ४० टक्के कापले, तर ९,५०० चे ५,७०० राहतात, त्यातून तुमचा स्वतःचा ठरलेला वाटा जातो. एकाच बोर्डचे पूर्ण पैसे दोन्हीकडून मात्र घेता येत नाहीत.

वाशीचे_काका: मग जॉबशीटवर नुसतं 'पीसीबी खराब' लिहून घ्या की.

मीरा_घोडबंदर: नका हो. जळका बोर्ड तपासला की कारण दिसतं, मग उरलासुरला क्लेमही जातो. जुना बोर्ड टाकू नका, फोटो काढा, सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत दुरुस्ती थांबवा.

ठाणे_वायरमन: पैशांचं नंतर बघा. दोन घरांतली यंत्रं एकदम गेली म्हणजे न्यूट्रल सुटल्याची दाट शंका आहे. तेव्हा २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत चढू शकतात. सोसायटीच्या मीटररूममधला जोड तपासल्याशिवाय नवा बोर्ड लावलात तर तोही जाईल.

ऐरोली_से८: शेड्यूलमध्ये वस्तू आहेत, ब्रेकडाउन नाही. वॉरंटीच्या कागदावर 'पॉवर सर्ज' समाविष्ट आणि 'व्होल्टेज फ्लक्चुएशन' अपवादात, दोन्ही लिहिलंय. आता?

मीरा_घोडबंदर: मग वॉरंटीवाल्यांकडेच लेखी क्लेम टाका, सर्जच्या ओळीचा उल्लेख करून. नकार दिला तर कलम क्रमांकासह लेखी मागा. वीज कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांकही जोडा. ते मानतील की नाही, सांगता येत नाही.