इन्स्क्रिप्टसाठी टायपिंग गेम सुचवा, जोडाक्षरांचे मार्क नीट देणारा

निशिगंधा: तीन आठवडे इन्स्क्रिप्ट शिकतेय. शब्द वरून पडतात आणि खाली पोचायच्या आत टाइप करायचे असा गेम आहे. साधे शब्द जमतात, पण काल 'राष्ट्रीय' मध्ये फक्त ष चा पाय मोडायचा राहिला तर अचूकता ३३ टक्के! दुसरा कुठला गेम घेऊ? फुकटच हवा, रोज १५ मिनिटं देऊ शकते.

दगडूशेट: आधी चांगला मेकॅनिकल कीबोर्ड घ्या. मी घेतला, महाग पडला पण पै न् पै वसूल. गेम नंतर.

मीनल_०७: इन्स्क्रिप्ट कशाला? फोनेटिक लावा, rashtriy लिहिलं की राष्ट्रीय येतं, मी कधीच अडत नाही.

निशिगंधा: शिकायचं इन्स्क्रिप्टच आहे हो.

खटपट्या: चूक एकच आहे, मोजायची पद्धत वाईट आहे. र ा ष ् ट ् र ी य अशी नऊ अक्षरचिन्हं. तुमचं झालं 'राषट्रीय', म्हणजे पहिली तीन जुळली आणि पुढचं सगळं एक जागा अलीकडे सरकलं. गेम जागेला जागा लावून बघतो, म्हणून नवापैकी तीन. सुटलेलं चिन्ह ओळखून मोजणारा गेम इथे एकच चूक धरेल, ८९ टक्के देईल. नवा गेम घ्यायच्या आधी हाच शब्द असा मुद्दाम चुकवून बघा. आणि 'दुसऱ्या' पण बघा, तो दोन प्रकारे लिहिला जातो, Shift+J चा ऱ घेऊन d ने पाय मोडून, किंवा साधा र, पाय आणि त्यानंतर एक न दिसणारं चिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, पण यादीत एक प्रकार असेल आणि तुम्ही दुसरा टाइप केलात तर बरोबर शब्द लाल होतो.

सुलूताई: पाय मोडायची गरजच नाही, Shift+7 ला क्ष, Shift+5 ला ज्ञ, तयार आहेत की.

खटपट्या: ताई, ते मोजक्या अक्षरांपुरतं. ष्ट, ष्ठ, स्थ, द्ध ला d शिवाय काय करणार?

अण्णा_टंकलेखक: माझा त्रास वेगळाच, टाइपरायटरची सवय, ऱ्हस्व वेलांटी आधी पडते. 'स्थिती' ला अजून हात अडतो, इथे थ नंतर f. यावर गेम आहे का कुठला?

दगडूशेट: कीबोर्ड चांगला असला की हात आपोआप बसतो.

निशिगंधा: खटपट्या, आत्ता कळलं, मी उगाच धास्तावले होते. पण गेम बदलत नाही. यात स्वतःची यादी घालता येते, म्हणून राष्ट्रीय, कष्ट, श्रेष्ठ, स्थिती, शुद्ध असे वीस शब्द घातलेत. टक्के बघणार नाही, कितीदा d सुटला तेवढं वहीत लिहिणार. काल अकरा वेळा सुटला, आज सात.

खटपट्या: तरी गेम बदला असंच म्हणेन, लाल शब्द बघून हात घाबरतो.