जॉइनिंगच्या आधीची मेडिकल आणि ती न दिसलेली रेघ : तुमचेही अनुभव लिहा

अनगोळकर
काल शेजारच्या पोराला कागल एमआयडीसीतनं ऑफर लेटर आलं. कट्ट्यावर बसून वाचत होता. शेवटच्या पानावर ओळ होती, 'वैद्यकीय तपासणीत योग्य ठरल्यास'. "काका, हे काय असतंय?" म्हणाला आणि मला २०१७ आठवलं.

मीही असंच लेटर घेऊन नाचलो होतो. आधी उद्यमबागेतली नोकरी सोडली आणि मग मेडिकलला गेलो. चूक नंबर एक. त्या आठवड्यात खोकला होता. डॉक्टरांनी कोडीनचं सिरप दिलेलं, रोज तीन चमचे. फॉर्म इंग्रजी आणि कन्नडमध्ये. रांगेत मागचा ढकलत होता म्हणून न वाचताच सही ठोकली. 'सध्या चालू औषधे' असा रकाना त्यात होता, हे नंतर कळलं.

लघवीचा नमुना दिला. माझ्यासमोरच त्यात नशा तपासायचं कार्ड बुडवलं. पाच पट्ट्या. चार पट्ट्यांवर दोन-दोन रेघा उमटल्या. 'ओपीआय' लिहिलेल्या पट्टीवर वरची एकच आली, खालची आलीच नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, काही सापडलं नाही! घरी येऊन बायकोला 'सगळं क्लिअर' असं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी एचआरचा फोन. "सर, तुम्ही काही घेता का?"

चिठ्ठी हरवलेली. शेवटी टिळकवाडीच्या मेडिकलवाल्यानं वाचवलं. असल्या औषधाची नोंद त्यांना रजिस्टरात ठेवावी लागते. तिथं माझं नाव, डॉक्टरांचं नाव, तारीख, सगळं होतं. त्याची झेरॉक्स दिली, नमुना मोठ्या लॅबला गेला. नऊ दिवस घरी बसून होतो, ना जुनी नोकरी ना नवी. मग 'फिट'.

आधी एचआरला विचारायचं सुचलंच नाही. विचारलं तर संशय घेतील असं वाटायचं. तुमचं कसं झालं?

शहापूरची सून
दोन रेघा म्हटल्यावर मला वेगळंच कार्ड आठवलं 😄 तुमच्या बायकोनं काय समजायचं!

माजी लॅबवाला
शहापूरची सून, हसू नका, सगळे तिथंच फसतात. या कार्डाचं उलटं असतं. नमुन्यात औषध नसलं की खालची रेघ उमटते. औषध असलं की ती उमटूच देत नाही. त्यामुळे रेघ पुसट दिसली तरी निगेटिव्हच धरायची. 'पुसट आहे म्हणजे थोडं सापडलं' असं म्हणणारे टेक्निशियनही मी बघितलेत. वरची रेघच आली नाही तर कार्ड बाद, दुसरं घ्यायचं.

आणि कार्ड म्हणजे निकाल नव्हे, तो नुसता संशय. कार्डाला कोडीन, मॉर्फीन वेगळं ओळखता येत नाही, सगळं अफूच्या एकाच घराण्यातलं. कुठलं आणि किती ते मास स्पेक्ट्रोमीटरवर कळतं, ते मशीन मोठ्या लॅबमध्येच असतं. म्हणून एचआरला पहिला प्रश्न हाच: कार्ड पॉझिटिव्ह आलं तर त्याच नमुन्याची पक्की तपासणी करता, की तिथंच नाव कापता? काही कंपन्या खर्च वाचवायला तिथंच कापतात.

निपाणीचा बाळू
आमच्या गावात सगळे तंबाखूवर जगलेले. आई अजून मिश्री लावते. ते येतंय का त्याच्यात? 😅

माजी लॅबवाला
नाही येत. पाच पट्ट्यांच्या कार्डात तंबाखू नसतो. त्याची तपासणी वेगळी, ती विमा कंपन्या मागतात.

खानापूरकर
माझ्या भावाला आर्मीत डोळ्यावरनं काढलं. रंगीत ठिपक्यातला आकडा दिसेना. घरात रडारड. आता गोव्याला हॉटेलात आहे, मजेत.

शहापूरची सून
अहो, हा कंपनीचा विषय चाललाय 🙂 खरं भावाला शुभेच्छा. कुठल्या हॉटेलात? आम्ही मे महिन्यात जाणार आहोत.

गोवावेसचा पिंट्या
सोपं आहे. आदल्या रात्रीपासनं पाणी मारायचं, चार-पाच लिटर. सगळं धुऊन जातंय. आमच्या ग्रुपातले सगळे असंच पास झालेत.

माजी लॅबवाला
पिंट्या, पाण्यानं लघवी पातळ होते हे खरं. खरं लॅब क्रिएटिनिनही बघते. ते २० मिलिग्रॅमच्या खाली गेलं की 'नमुना पातळ' असा शेरा पडतो आणि पुन्हा बोलावतात. बाटलीवर तापमानाची पट्टी असते ती वेगळीच. पास झालेल्या पोरांच्या कार्डात मुळात काही नसणारच.

गोवावेसचा पिंट्या
बरं बाबा. शिवरात्रीची भांग?

माजी लॅबवाला
ती दिसते. एकदाच घेतली तर काही दिवस, रोजची सवय असेल तर काही आठवडे. कार्डाला प्रसाद कळत नाही.

वडगावची माई
नातवाला दिवाळीनंतर मेडिकल होतं. कुणीतरी म्हणालं खसखशीनं येतंय म्हणून त्यानं माझ्या अनारशाला हात लावला नाही. चार दिवस गूळ-पिठी मुरवून केलेले हो. खरं का हे?

माजी लॅबवाला
माई, खरं आहे. खसखस अफूच्याच बोंडातली. अमेरिकी सरकारनं याच कारणानं १९९८ मध्ये त्यांची मर्यादा ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली. आपल्याकडची पुष्कळ कार्डं अजून ३०० वालीच. एका अनारशानं येईलच असं नाही, खरं पाच-सहा खाऊन दुसऱ्या दिवशी नमुना देऊ नये. नातू शहाणा आहे.

वडगावची माई
मग पुढच्या वर्षी मेडिकलच्या आधी नको, जॉइन झाल्यावर ये म्हणते. डबा भरून देते.

हिंडलग्याचा इरफान
दुबईला जाणाऱ्यांनी खसखस सामानातही नेऊ नये, तिथं बंदी आहे. मेडिकलमध्ये माझी अडचण वेगळीच झाली. लहानपणी टीबी होऊन गेलेला, एक्स-रेत डाग दिसला आणि अनफिट. औषधं पूर्ण झाल्याचा दाखला दिला तरी ऐकेनात. इथल्या कंपनीनं तोच एक्स-रे बघून फिट दिला.

एचआरवाली (नाव नको)
मी याच धंद्यात आहे. उमेदवारानं विचारलं तर आम्ही संशय घेत नाही, उलट सोपं जातं. कोणत्या तपासण्या, कुठल्या क्लिनिकमध्ये, निकाल कोणाला जातो, पुन्हा तपासणीची सोय आहे का, हे मेलवर विचारा. फोनवरचं मीच विसरते. औषधाचं नाव मला सांगू नका, डॉक्टरला सांगा. माझ्याकडे एकच ओळ यायला हवी: फिट, अटींसह फिट, किंवा तात्पुरता अनफिट. बीपी त्या दिवशी वाढलं म्हणून तात्पुरता अनफिट झालेले आमच्याकडे पंधरा दिवसांनी परत येऊन लागलेत. आणि राजीनामा मेडिकलचा निकाल हातात आल्यावरच.

अनगोळकर
'एकच ओळ यायला हवी' म्हणता. माझं तर अख्खं कागद टेबलावर पडलेलं, शिपायानंसुद्धा वाचलं असेल.

एचआरवाली (नाव नको)
होतं असं. सगळीकडे नियम पाळतात असं मी म्हणणार नाही.

खानापूरकर
मला रक्ताच्या यादीत एचआयव्ही पण होतं. ते चालतंय?

एचआरवाली (नाव नको)
नाही. २०१७ च्या कायद्यानं नोकरीसाठी ती तपासणी सक्तीची करता येत नाही. पॅकेजमध्ये आपोआप आलेली असते, कंपनीला पत्ताच नसतो. यादी बघून काढायला सांगा.

निपाणीचा बाळू
रिपोर्टची कॉपी मागितली तर देतात का? मला दिली नाही, 'कंपनीनं पैसे भरलेत' म्हणाले.

शहापूरची सून
आमच्या ह्यांना दिली, खरं तीनदा फेऱ्या मारून.

अनगोळकर
आत्ताच पोरानं मेल टाकली. एचआरचं उत्तर आलं, 'क्लिनिकला विचारा'. क्लिनिकला फोन केला तर म्हणे, 'एचआरला विचारा'. सर्दीची गोळी चालू आहे त्याची, काय करावं?

माजी लॅबवाला
गोळीचं पाकीट आणि चिठ्ठी बरोबर ने म्हणावं. नमुना द्यायच्या आधी फॉर्मवर नाव लिहायचं. रकाना नसला तर मागच्या कोऱ्या बाजूला लिहून तारीख घालायची आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा.