वाढीव वीजबिलाविरुद्ध अर्ज: तुम्ही काय लिहिलं, पुढं काय झालं?

परभणी, निवृत्त शिक्षिका

गल्लीतल्या लोकांचे अर्ज मी लिहून देते. बहुतेकांना पहिलंच वाक्य हवं असतं, "बिल खूप जास्त आलं आहे." त्यावर वीज कंपनीच्या कार्यालयाचं उत्तर तयार असतं, "वापर वाढला असेल." म्हणून मी आधी मागची सगळी बिलं मागून घेते.

शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत. मे महिन्यात त्यांना एकदम ६९० युनिटचं बिल आलं. जुनी बिलं काढली तर ५ नोव्हेंबर २०२४ ला रीडिंग ६४१२. पुढच्या पाचही बिलांवर मागील रीडिंग ६४१२ आणि चालू रीडिंगही ६४१२, शेरा "रीडिंग उपलब्ध नाही", आणि दर महिन्याला सरासरी ७० युनिट. तेही त्यांनी भरले होते. मग ५ मे २०२५ ला माणूस आला, ७१०२ लिहून गेला, आणि सगळा फरक एकाच महिन्यात टाकला गेला.

आता नीट बघा. ६९० युनिट ताईंनी वापरलेच आहेत, मीटरची तक्रार नाही. पण ते सहा महिन्यांत वापरले. म्हणजे महिन्याला ११५. त्यातले १०० स्वस्त टप्प्यात बसतात आणि १५ पुढच्या टप्प्यात जातात. एका महिन्याचे ६९० धरले की स्वस्त दर फक्त पहिल्या १०० ला मिळतो, आणि ५०० च्या वरचे १९० सगळ्यात महागड्या दरात जातात. शिलाईच्या पैशांत तो फरक कुठून भरायचा? अर्ज असा लिहिला:

> मा. सहायक अभियंता यांस,
> विषय: मे २०२५ च्या देयकाची दुरुस्ती होणेबाबत.
> महोदय, दि. ५/११/२०२४ रोजी माझ्या मीटरचे रीडिंग ६४१२ होते व दि. ५/५/२०२५ रोजी ७१०२ आहे. मधील पाच महिने रीडिंग न घेता दरमहा ७० युनिटप्रमाणे देयके देण्यात आली व ती मी भरली आहेत. ६९० युनिटचा वापर सहा महिन्यांचा असल्याने तो सहा महिन्यांत विभागून टप्प्यांचा लाभ द्यावा, भरलेल्या ३५० युनिटच्या रकमेची वजावट करावी व सुधारित देयक द्यावे. तोपर्यंत पुरवठा खंडित करू नये. सोबत: सात देयकांच्या प्रती, पावत्या व मीटरचा तारखेसह फोटो.

ग्राहक क्रमांक आणि मीटर क्रमांक वरच लिहिला. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि सही घेतली. टप्पे दुरुस्त झाले, वजावटही मिळाली. मात्र मधल्या काळाचा विलंब आकार अजून बिलात आहे, त्यासाठी दुसरा अर्ज दिलाय. तुमचे अनुभव लिहा. काय लिहिलं होतं तेही सांगा.

लातूर, किराणा दुकानदार

आमच्या बिलावर रीडिंग १८२४६ छापलं होतं. मी मीटर बघितलं तर १३२९०. बिलावरच्या फोटोत आकडा पुसट होता, तीनचा आठ वाचला गेला. अर्जात एवढंच लिहिलं की बिलाच्या तारखेनंतर आठ दिवसांनीही मीटर बिलातल्या आकड्याच्या मागं आहे, आणि मीटर मागं फिरत नाही. सोबत फोटो. साहेबांनी माणूस पाठवून रीडिंग बघून घेतलं आणि बिल बदलून दिलं. वाद घालायची वेळच आली नाही.

बीड जिल्हा, शेतकरी

ताई, आमचं जरा येगळं हाय. विहिरीवरची मोटर तीनची, बिल येतंय पाच एचपीचं. मीटरच नाही, मग रीडिंग कुठून लिहायचं? अर्ज दिला तर म्हणले, "मोटर दाखवा." मोटर विहिरीत, आन् पाणी वर आलेलं. कुणी सांगंल का?

परभणी, निवृत्त शिक्षिका

दादा, तुमच्या अर्जात मागणी रीडिंगची नको, जोडभार तपासणीची हवी. मोटर खरेदीची पावती आणि मोटरवरच्या पट्टीचा फोटो असेल तर जोडा. पावती नसेल तर काय करावं, ते इथल्या जाणकारांनी सांगावं.

जालना, खासगी नोकरी

माझा सल्ला सरळ आहे. अर्ज दिला की बिल भरायचंच नाही, भरलं म्हणजे मान्य केलं. आणि मीटर खराब निघालं तर मागच्या सगळ्या वर्षांचे पैसे परत मागायचे.

नांदेड, निवृत्त, मीटर चाचणी विभाग

जालन्याच्या भाऊंचं निम्मं बरोबर आहे. मुकाट्यानं भरलं तर मान्य केल्यासारखं दिसतं, हे खरं. पण काहीच न भरता बसलात तर तोडणीची नोटीस येते. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्याच कलमात ग्राहकाची सोयही आहे. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यातली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरायची. मग वाद मिटेपर्यंत त्या बिलासाठी वीज तोडता येत नाही. भरताना "हरकत नोंदवून" हे शब्द अर्जात असू द्या.

सगळ्या वर्षांचे पैसे मात्र मिळत नाहीत. मीटर सदोष ठरलं तर चाचणीच्या निकालाप्रमाणे बिल दुरुस्त होतं, पण वाद उभा राहिला त्या महिन्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपर्यंतच. म्हणून संशय आला त्याच महिन्यात अर्ज द्या.

अर्जाआधी घरी एक गोष्ट बघा. घरातला मेन स्विच बंद करा. मीटरवरचा लाल दिवा तरीही लुकलुकत असेल तर मीटर आणि मेनच्या मधल्या वायरिंगमधून वीज जातेय, किंवा दुसऱ्या कुणाची लाइन तुमच्या मीटरवर आहे. दिवा थांबला तर पुढचं बघायचं. आमच्याकडं आलेल्या तक्रारींत मीटर ठीक निघून घरातली जुनी वायर किंवा बोअरची मोटर दोषी असायची, असं बऱ्याचदा व्हायचं. पावसाळ्यात जास्तच.

आणि अर्जात मीटरचा डाटा काढून मागा. बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटर मागच्या काही महिन्यांची रीडिंग जपून ठेवतात. सरासरी बिलांच्या काळात कोणत्या महिन्यात किती वापर झाला ते त्यातून निघतं, मग समान सहा भाग करायचीही गरज राहत नाही.

छत्रपती संभाजीनगर, गृहिणी

मेन बंद करायचं वाचलं आणि आमचं आठवलं. आमच्या इमारतीत बारा मीटर एकाच बोर्डावर आहेत. आम्ही उन्हाळ्यात गावी होतो तरी बिल भरमसाट. मेन बंद केला तर आमच्या नावाच्या मीटरचा दिवा चालूच, आणि वरच्या मजल्यावाल्यांच्या मीटरचा थांबला. वायरी अदलाबदल झाल्या होत्या. दोघांनी मिळून एकच अर्ज दिला, त्यात दोन्ही मीटरचे क्रमांक आणि त्या दिवशीची दोन्ही रीडिंग लिहिली. वायरी बदलून मिळाल्या. मागचा हिशेब राहिलाय, कारण वरच्यांना आता जास्त भरावं लागेल आणि ते म्हणतात, आमची काय चूक? त्यांचंही खोटं नाही.

जालना, खासगी नोकरी

नांदेडचे काका, माझ्या बिलावर मागच्या थकबाकीत चार वर्षांपूर्वीची रक्कम अचानक टाकली आहे. मधे कधीच दाखवली नव्हती. तीही हरकत नोंदवून भरू का?

नांदेड, निवृत्त, मीटर चाचणी विभाग

थांबा. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात दोन वर्षांची मर्यादा आहे, पण ती रक्कम दरम्यान थकबाकी म्हणून सतत दाखवलेली नसेल तरच. चार वर्षांची सगळी बिलं काढा आणि प्रत्येकावरचा थकबाकीचा रकाना बघा. एखादं बिल हरवलं असेल तर खात्याचा उतारा मागा. ते हातात आल्यावर इथं लिहा, मग अर्जाचा मजकूर ठरवू.