प्रतिसाद: फोटोशॉपमध्ये बाटलीच्या फोटोतली काचेवरची उठावाची अक्षरं बदलताना

"नवीन अक्षरं टाकली, Bevel & Emboss पण दिलं, तरी काचेची वाटत नाहीत, प्लॅस्टिकची वाटतात."

वाटणारच, कारण Bevel फक्त वरची चमक देतं, मागचं दृश्य वाकवत नाही. काचेत अक्षराची सपाट पाठ जवळपास काहीच करत नाही, वाकतं ते उतारावर, म्हणजे कडेला. मी कोकम सरबताच्या बाटलीवर केलं तेव्हा आधी अक्षरांचाच ब्लर केलेला मॅप मागचं दृश्य सरकवणाऱ्या Displace फिल्टरला दिला, तर अख्खं अक्षर तिरकं सरकलं, डोकंच फिरलं! मग त्याच ब्लर अक्षरांवर Emboss फिल्टर मारला, एकदा आडव्या कोनात आणि एकदा उभ्या, पहिला रेड चॅनलमध्ये, दुसरा ग्रीनमध्ये टाकून PSD सेव्ह केली. आता सपाट भाग १२८ ग्रे, तिथे काही हलत नाही, फक्त कडा वाकतात. स्केल ५ ठेवलं तर जास्तीत जास्त सहाएक पिक्सेल सरकतं, तेवढं बास. बाहेर-आत उलटं दिसलं तर स्केल उणे करा.

हो, पण हे जुनी अक्षरं पुसलेल्या लेयरवर करा आणि बाटलीची लांब उभी चमक आधी वेगळ्या लेयरवर काढून ठेवा, ती समोरच्या पृष्ठभागावरची असते. बाटली मागून उजळलेली असेल तर अक्षराच्या कडांना बारीक गडद रेघ हवीच, नुसती पांढरी देऊन चालत नाही.