उत्तर: लग्नानंतर संकल्पात कोणतं गोत्र सांगायचं?

> "परळीला अभिषेकाला बसले, गुरुजींनी नाव-गोत्र विचारलं. माहेरचं सांगायचं की सासरचं?"

ताई, सासरचं. विवाहविधीनंतर बाई नवऱ्याच्या गोत्राची धरतात. म्हणून माहेरच्या देवघरात एकटी बसलीस तरी सासरचंच सांगायचं, आणि नवरा हयात नसला तरी तेच. नाव मात्र तुझंच. आडनाव पावतीपुरतं, संकल्पात बहुतेक येतच नाही.

गडबड होते ती वडिलांच्या श्राद्धात. आमच्या वहिनींचं माहेर काश्यप, सासर भारद्वाज. भाऊ नाही, म्हणून त्याच बसल्या. गुरुजींनी एकदाच "गोत्र?" विचारलं, त्या "भारद्वाज" म्हणाल्या आणि वडिलांच्या नावापुढेही भारद्वाजच लागलं! मी शेजारीच दर्भ देत होतो म्हणून लक्षात आलं. तिथे दोन गोत्रं लागतात: करणारी "भारद्वाजगोत्रोत्पन्ना", आणि पिंड ज्यांना द्यायचा ते वडील "काश्यपगोत्र". म्हणून गुरुजींनी विचारलं की "माझं हे, वडिलांचं हे" असं आधीच वेगळं सांगून टाकायचं. संकल्प ऐकताना "अस्मत्पितुः" च्या आसपास कान द्या, तिथे तुमच्या वडिलांचं गोत्र ऐकू यायला हवं.

नवरा-बायको जोडीने बसले तर प्रश्नच नाही, गोत्र त्याचं, आणि तुम्ही "सपत्नीक" मध्ये येता.

आणखी एक, आपल्याकडे गोत्र विचारलं की कित्येक जण "तुळजाभवानी" म्हणतात. ते कुलदैवत झालं. गोत्र खरंच माहीत नसेल तर काश्यप म्हणायची पद्धत आहे, गुरुजी अडवत नाहीत.